एकच केक, सगळ्यांना: अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी घरचा केक आणि पुडिंग

बडोद्यात अंड्याशिवायचा केक मिळवायला वणवण करावी लागत नाही. कुठल्याही बेकरीत शिरा, अर्धं कपाट एगलेस असतं. त्यामुळे ज्यांच्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे त्यांना नातेवाईक हमखास म्हणतात, "तुमचं बरंय बाई, इथे सगळं एगलेसच मिळतं." पण हे एगलेस शाकाहारी गिऱ्हाइकासाठी बनलेलं असतं. त्याची अट एवढीच की केकच्या पिठात अंडं फोडलेलं नसावं. ॲलर्जी असलेल्या मुलाची अट त्याहून कडक आहे. ज्या सुरीने आधी अंड्याचा केक कापला, तीच नुसती पुसून एगलेसला लावली तर शाकाहारी माणसाला ते बहुधा कळणारही नाही. मुलाला मात्र तेवढा लेप पुरू शकतो.

आमच्या दांडिया बाजारच्या घरी सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. पंचवीस-तीस माणसं येणार होती आणि त्यात माझा सहा वर्षांचा भाचा. तोवर प्रत्येक समारंभात त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात एक कपकेक यायचा आणि बाकीच्यांसाठी मोठा केक. यावेळी ठरवलं की टेबलावर एकच केक असेल, एकच पुडिंग असेल आणि दोन्ही तो खाईल. ते कसं जमवायचं ते खाली सविस्तर लिहिते. मापं त्याच समारंभाची आहेत.

विकत आणणार असाल तर

दुकानात "एगलेस आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येणार. विचारायचं ते हे: "ईंडां अंदर आवे छे?" म्हणजे तुमच्या कारखान्यात अंडं आत येतंच का? बडोद्यात पूर्ण शाकाहारी बेकऱ्या आहेत, तिथे याचं उत्तर सरळ "ना" असं येतं. या शहरात राहण्याचा खरा फायदा हा. उत्तर "हो, पण वेगळं करतो" असं आलं तर पुढचे प्रश्न विचारा. भट्टी तीच का? क्रीम फेटायचं भांडं तेच का? फिरत्या पाटावर आधी कुठला केक सजवला होता? समोरचा दुसऱ्याच प्रश्नाला वैतागला तर तिथून घेऊ नये, असं माझं मत.

पाकिटातल्या मालाचं वाचन निराळं. आपल्याकडे शाकाहाराच्या हिरव्या खुणेत अंडं बसत नाही, म्हणजे हिरवी खूण असेल तर घटक म्हणून अंडं घातलेलं नाही एवढी खात्री मिळते. पण त्याच यंत्रावर अंड्याचा माल निघत असेल तर ते खुणेवरून कळत नाही. त्यासाठी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचायची. "मे कंटेन एग" असं लिहिलं असेल तर हिरवी खूण असूनही पाकीट परत ठेवायचं. परदेशातून कोणी काही आणलं असेल तर खूणच नसते. मग यादीत अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम किंवा ई 1105 हे शब्द शोधा, ही सगळी अंड्याचीच नावं. लेसिथिन बहुतेक वेळा सोयाचं असतं, पण अंड्याचंही असू शकतं. कशाचं ते लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बाहेरदेशी "एग सब्स्टिट्यूट" नावाने बाटलीत मिळणारा द्रव. त्यातल्या काहींमध्ये चक्क अंड्याचा पांढरा भाग असतो, कारण ते कोलेस्टेरॉल टाळणाऱ्यांसाठी काढलेले असतात.

"भाजल्यावर काय राहतंय?"

हा प्रश्न घरातली कोणीतरी मोठी व्यक्ती विचारतेच. आमच्याकडे सासूबाईंनी विचारला. अंड्याच्या पांढऱ्या भागातली काही प्रथिनं उष्णतेने खरंच बदलतात, आणि म्हणून अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना चांगला भाजलेला केक चालतोही. पण ओव्होम्युकॉइड नावाचं एक प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. ज्या मुलाचं शरीर त्याच्यावर उठतं त्याला भाजलेलं अंडंही बाधतं. आपलं मूल कुठल्या गटात आहे हे ॲलर्जीचे डॉक्टर दवाखान्यात, देखरेखीखाली, थोडं थोडं खायला देऊन ठरवतात. पंचाहत्तरीच्या मांडवात ती परीक्षा घ्यायची नाही.

अंडं काढलं की नेमकं काय जातं

कवचाशिवाय एक अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी, सहा-एक ग्रॅम प्रथिन आणि पाच-एक ग्रॅम स्निग्धांश. पाणी आणि स्निग्धांश आपण कशानेही भरून काढू शकतो. अडतं ते प्रथिनापाशी. केक भट्टीत फुगतो, आतला वायू पसरतो, आणि त्याच वेळी अंड्याचं प्रथिन घट्ट होऊन त्या पोकळ्यांच्या भिंती धरून ठेवतं. शिवाय फेटताना अंडं हवा कोंडतं आणि तेल-पाणी एकजीव ठेवतं.

म्हणून "एका अंड्याऐवजी पाव वाटी दही" हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही. आमच्या घरचा जुना केक चार अंड्यांचा: मैदा, साखर, लोणी प्रत्येकी 200 ग्रॅम आणि चार अंडी. त्यातली अंडी काढून चार पाव वाट्या दही घातलं तर 200 ग्रॅम लोणी धरायला आत कोणी उरत नाही. केक तळाशी दडपतो, कापला की सुरीला तूप लागतं. एक अंडं असेल तर बदल खुशाल करा, दोन असतील तर जपून करा. तीन किंवा जास्त असतील तर ती कृतीच बाजूला ठेवा आणि मुळातच अंड्याशिवाय बांधलेली कृती घ्या. तिच्यात स्निग्धांश मैद्याच्या निम्म्यावर आणलेला असतो आणि फुगवण्याचं काम सोडा व बेकिंग पावडरवर सोपवलेलं असतं.

केळं, जवस, सफरचंदाचा गर यांचीही नावं येतात. कुस्करलेलं केळं ओलावा देतं पण चव लपत नाही, तेव्हा केळ्याचाच केक करायचा असेल तेव्हाच ते घ्यावं. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते आणि पीठ बांधून ठेवते. ब्राउनी किंवा गूळ-कणकेच्या गडद केकला ती छान, पांढऱ्या व्हॅनिला केकमध्ये तिचे ठिपके दिसतात. समारंभाच्या साध्या स्पंजसाठी दह्याला तोड नाही. त्यात प्रथिन आहे, पाणी आहे आणि सोड्याला लागणारं आम्ल आहे.

दह्याचा स्पंज

सात इंची गोल टिनसाठी मैदा 190 ग्रॅम, म्हणजे 240 मिलीच्या मापाचा कप दीड. दूध पावडर 20 ग्रॅम, ही अंड्याच्या प्रथिनाची थोडी भरपाई करते आणि वरचा रंग सोनेरी आणते. पिठीसाखर 150 ग्रॅम, दही 250 ग्रॅम, वास नसलेलं तेल 110 मिली, बेकिंग पावडर सव्वा लहान चमचा, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, व्हॅनिला एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ. लहान चमचा म्हणजे 5 मिलीचा मापाचा चमचा, चहाचा नव्हे. सोड्याच्या बाबतीत हा फरक महागात पडतो.

दह्याबद्दल जरा थांबते, कारण अर्धा केक तिथेच ठरतो. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू निघतो. दही गोड असेल तर सगळा सोडा खर्ची पडत नाही, मागे उरतो आणि केकला साबणाची चव येते, आतला रंगही पिवळट होतो. जानेवारीत बडोद्यात रात्री लावलेलं दही सकाळी नुसतं जमलेलं असतं, आंबलेलं नसतं. ते आणखी काही तास बाहेर ठेवावं. मे महिन्यात उलट, दुपारपर्यंत ते ताकाच्या पलीकडे जातं. कढीला घ्याल इतपत आंबट दही हवं. वर पाणी सुटलं असेल तर ओतून टाकू नका, दह्यासकट फेटून घ्या आणि मग वजन करा. फ्रिजमधलं असेल तर तासभर आधी बाहेर काढा.

ओव्हन 180 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापायला लावा. टिनला तेल लावून तळाला बटर पेपर घाला. मैदा, दूध पावडर, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात दही आणि साखर साखरेचा कण लागेनासा होईपर्यंत फेटा, मग तेल आणि व्हॅनिला घालून पुन्हा फेटा. वर तेलाचे डोळे दिसता कामा नयेत. इथे अंडं नसल्यामुळे तेल आणि दही एकत्र करण्याचं काम हातालाच करावं लागतं, त्यामुळे ही दोन-तीन मिनिटं वाचवू नका.

आता सोडा चाळणीतून दह्याच्या मिश्रणावर घाला आणि ढवळा. अर्ध्या मिनिटात बुडबुडे उठून मिश्रण हलकं होईल. ते उठले नाहीत तर दही गोड आहे किंवा सोडा जुना आहे. अशा वेळी एक लहान चमचा लिंबाचा रस घाला. तरीही हालचाल नसेल तर नवा सोडा आणा. या घटकेपासून घड्याळ चालू झालं असं समजा. मैदा तीन वेळा करून घाला आणि उलथन्याने खालून वर असं मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फार ढवळलं तर मैद्यातला चिकटपणा वाढतो आणि केक रबरी होतो. उलथनं उचलल्यावर पीठ न तुटता सलग ओघळायला हवं आणि दोन-तीन सेकंदांत खालच्यात मिसळायला हवं. डेअरीचं घट्ट दही असेल तर त्यासाठी दोन ते चार मोठे चमचे दूध लागेल.

लगेच टिनमध्ये ओता आणि ओव्हनच्या मधल्या कप्प्यात 35 ते 40 मिनिटं भाजा. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. अंड्याच्या केकला मधेच थंड हवा लागली तर तो निभावून नेतो, हा बसतो. मध्यात घातलेली काडी कोरडी निघाली आणि कडा टिनपासून सुटायला लागल्या की झाला.

ओव्हन नसेल तर मोठा कुकर घ्या, शिट्टी आणि रिंग काढा, तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. पाणी अजिबात घालायचं नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून टिन आत ठेवा, आच मंद करा. टिन आणि कुकरच्या भिंतीत बोटभर जागा हवी. पन्नास मिनिटं धरून चाला. वरचा रंग फिकट राहील, क्रीमखाली ते दिसत नाही.

टिनमध्येच दहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार. गरम असताना हा केक हाताळला तर चुरा होतो, कारण भिंती अजून पक्क्या झालेल्या नसतात. शक्यतो आदल्या संध्याकाळी भाजा, गार झाल्यावर गुंडाळून ठेवा आणि सकाळी आडवा कापा. करवती सुरी नसेल तर मजबूत दोरा कडेने गुंडाळून ओढला तरी दोन चकत्या नीट होतात.

पंचवीस माणसांसाठी एकाच मोठ्या टिनमध्ये दुप्पट पीठ घालण्याचा मोह होतो. तो टाळा. पीठ खोल झालं की कडा भाजून घट्ट होतात तोवर मध्य ओलाच असतो, आणि धरून ठेवायला अंडं नसल्यामुळे तो खचतो. आम्ही सात इंची दोन केक केले आणि शेजारी शेजारी ठेवून आठचा आकडा केला. दुसऱ्याचं कोरडं आणि ओलं सामान आधीच वेगवेगळं मोजून ठेवायचं, पण सोडा पहिला केक बाहेर आल्यावरच घालायचा. तयार पीठ ओट्यावर चाळीस मिनिटं राहिलं तर त्यातला वायू निघून जातो.

केक बिघडला तर कापल्यावर कारण दिसतं. मध्य खचला असेल तर सोडा जास्त, दार लवकर उघडलं किंवा कच्चा काढला. वर घुमट येऊन तडा गेला असेल तर ओव्हन जास्त तापला होता, पुढच्या वेळी 170. तळाशी चिकट, दडपलेला थर म्हणजे पीठ पातळ होतं किंवा वाट पाहत राहिलं. आत उभी लांबट भोकं म्हणजे फार ढवळलं. तपकिरी ठिपके आणि तिथेच कडवट चव म्हणजे सोडा न चाळता घातला.

दूधही चालत नसेल तर

अंड्याबरोबर दुधाचीही ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ असतात, आणि पाहुण्यांतही एखादं निघतं. त्यांना वरचा केक चालणार नाही. त्यांच्यासाठी व्हिनेगरचा चॉकलेट केक आहे: मैदा 190 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, कोको तीन मोठे चमचे, सोडा एक लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा हे एकत्र चाळायचं. त्यात पाणी 240 मिली, तेल 75 मिली, व्हिनेगर एक मोठा चमचा आणि व्हॅनिला घालून जेमतेम मिसळायचं आणि 175 अंशांवर पस्तीस मिनिटं भाजायचं. पीठ वरच्या केकपेक्षा पातळ दिसेल, घाबरू नका. कोकोच्या पाकिटावर दुधाची ओळ तेवढी बघा.

वरची सजावट

क्रीममध्ये सहसा अंडं नसतं, पण सजावटीच्या सामानात ते लपलेलं सापडतं. रॉयल आयसिंग आणि मेरिंग पावडर म्हणजे अंड्याचा पांढरा भागच. तयार साखरेची फुलं, नावाच्या पाट्या, बाहुल्या यांत बांधायला तो वापरलेला असू शकतो. मॅकरून तर त्यावरच उभं असतं, आणि हल्ली केकवर दोन-चार मॅकरून टेकवण्याची फॅशन आहे. साधं फेटलेलं क्रीम, ताजी फळं, किसलेलं चॉकलेट एवढ्यात सुंदर केक होतो. आंब्याच्या दिवसांत हापूस नाहीतर केसरच्या पातळ चकत्या लावल्या की फुलांची आठवणही होत नाही. घरी लोण्याचं आयसिंग करायचं तर लोणी आणि पिठीसाखर एवढंच घ्या. ज्या प्रकारात गरम पाक पांढऱ्या फेसावर ओततात तो अंड्याचा.

खरवसाच्या जातीचं पुडिंग

कॅरामेल पुडिंग हा आमच्याकडचा दुसरा हट्ट. त्यात दूध जमवण्याचं सगळं काम अंडं करतं, म्हणून लोक चायना ग्रास किंवा कस्टर्ड पावडरकडे वळतात. दोन्ही अंड्याशिवायचे आहेत, पण तोंडात वेगळे लागतात. चायना ग्रासने जमवलेलं पुडिंग तुकड्याने तुटतं. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ. ती गरम गरम ओतायला किंवा फळं घालून त्याच दिवशी खायला चांगली, रात्रभर ठेवली की पाणी सोडते. गंमत म्हणजे ही पावडर अंड्याच्या ॲलर्जीतूनच जन्मली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्याने 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं.

आपल्याकडे अंड्याशिवाय जमणारं पुडिंग आधीपासून आहे: खरवस, ज्याला इथे गुजरातीत बळी म्हणतात. चिकाच्या दुधात प्रथिनं इतकी असतात की ते नुसत्या वाफेवर जमतं. शहरात चीक वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून दह्याच्या मदतीने तसंच जमवायचं. कन्डेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, मलईचं दूध 200 मिली आणि घट्ट दही 200 ग्रॅम, तिन्ही सारखी. याचे आठ जणांना पुरेसे तुकडे होतात; आम्ही तीन डबे केले.

इथलं दही केकच्या दह्याच्या उलट. श्रीखंडाला घ्याल तसं ताजं आणि गोड हवं, कापडात अर्धा तास टांगून पाणी काढलेलं, आणि 200 ग्रॅम हे वजन टांगल्यानंतरचं. आंबट दही घेतलं तर वाफेवर मिश्रण फाटतं आणि रवाळ होतं. दूधही तापवून पूर्ण गार केलेलं घ्या.

आधी कॅरामेल. जाड बुडाच्या पातेलीत चार मोठे चमचे साखर आणि एक चमचा पाणी मंद आचेवर ठेवा, ढवळू नका, पातेली हलवत राहा. मधासारखा रंग आला की लगेच डब्याच्या तळाशी ओता, कारण पुढच्या पंधरा सेकंदांत ते कडू होतं. कॅरामेल कडक होऊ द्या. दही गुठळी राहणार नाही इतपत फेटा, पण फेस येऊ देऊ नका, नाहीतर पुडिंगला भोकं पडतात. त्यात कन्डेन्स्ड मिल्क, मग दूध, वेलदोडा आणि किंचित जायफळ घाला. गाळून डब्यात ओता. वर फॉइल घट्ट बसवा, वाफेचं पाणी आत ठिबकलं तर वरचा थर पातळ राहतो.

मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये, खाली पाणी घालून, मंद वाफेवर पंचवीस ते तीस मिनिटं ठेवा. पाणी खदखदायला लागलं तर आच कमी करा; जोराच्या वाफेने पुडिंगला जाळी पडते आणि पाणी सुटतं. डबा हलवल्यावर कडा स्थिर आणि मधला भाग नुसता थरथरला की गॅस बंद. ते गार होताना घट्ट होतं. बाहेर पूर्ण गार करा, मग फ्रिजमध्ये निदान चार तास. कडेने पातळ सुरी फिरवून ताटलीवर उलटं करा. कॅरामेल चिकटून राहिलं तर डब्याचा तळ मिनिटभर गरम पाण्यात धरा. आदल्या दिवशी केलं तरी उत्तम राहतं.

भांडी, ओटा आणि टेबल

ज्या घरात एरवी अंडी होतात त्या घरात सामानाइतकंच भांड्यांकडे बघावं लागतं. स्टील आणि काच साबण आणि गरम पाण्याने घासली की पुरतं. लाकडी उलथनं, तूप लावायचा ब्रश, बारीक जाळीची चाळणी आणि शिवण असलेले जुने टिन यांतून अंडं नक्की गेलं असं सांगता येत नाही. या चार वस्तू मुलाच्या नावाने नव्या घ्या आणि वेगळ्या डब्यात ठेवा, खर्च फारसा नाही. हॅंड मिक्सरची पाती काढून धुतली तरी ती बसतात त्या खाचेत वाळलेला फेस असतो, तिथे ओल्या कपड्याने पुसा. ओटाही साबणाने पुसा. सॅनिटायझर जंतू मारतं, पण अंड्याचं प्रथिन जागेवरच राहतं, त्यामुळे हात धुवायला साबणच. आणि केक-पुडिंग होईपर्यंत त्या दिवशी स्वयंपाकघरात अंडं फोडायचंच नाही.

केकवर सगळं लक्ष असतं तेव्हा बाकीच्या ताटातून अंडं येतं. कटलेटला बाहेरून लावलेलं, सँडविचमधल्या साध्या मेयोनीजमधलं, चकाकी यावी म्हणून बनपावावर फिरवलेलं. पाहुणे खोके घेऊन येतात, त्यात कोणाचा तरी पेस्ट्रीचा खोका असतोच. आदल्या दिवशी फोनवर सगळ्यांना सांगितलं, "गोड काही आणू नका, फळं आणा." तरी आलाच एक खोका. सासूबाईंनीच तो आतल्या खोलीत कपाटावर ठेवला आणि आणणाऱ्या काकांना म्हणाल्या, "उद्या खाऊ हो आम्ही, आज पोरगं आहे." वाढताना केकची सुरी आणि पुडिंगचा डाव दुसऱ्या कशात घालायचा नाही, आणि मुलाचा तुकडा सगळ्यांच्या आधी कापायचा.

एवढं करूनही मुलाच्या अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली तर खाणं थांबवा आणि त्याच्यापाशी थांबा. हे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतं. खोकला, धाप, घशातून घरघर, आवाज बदलणं किंवा मूल एकदम मलूल होणं ही धोक्याची चिन्हं. डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं आणि 108 ला फोन करायचा. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप खाज कमी करतं, श्वास मोकळा करत नाही, म्हणून त्याची वाट पाहत बसायचं नाही. मुलाला आडवं ठेवा, धाप लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक पाकिटाचं वेष्टण समारंभ संपेपर्यंत एका पिशवीत जपून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली तर ती पिशवी बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न काय खाल्लं हाच विचारतात.